शेवंता उर्फ मार्था

आमच्या आत्याची दोन्ही नावं खरी आहेत. मायबापानं ठेवलेलं शेवंता आणि बाप्तिस्म्याचं मार्था. घरात, वावरात, चुलीपाशी ती शेवंताच. रविवारी मंडळीत पाळकसाहेब 'मार्थाबाई' म्हणायचे, तेव्हा ती पदर सावरून उठायची. चाळीस-पन्नास वर्षं या दोघी एका लुगड्यात सुखानं नांदल्या. भांडण लावलं ते कागदानं.

बुलढाणा जिल्ह्यात ख्रिस्ती घरं थोडी, आणि त्या थोड्यांतही रीत एक नाही. कॅथलिक घरं अमरावती धर्मप्रांतात येतात. तिथं लेकरू पाळण्यात असतानाच स्नानसंस्कार होतो आणि संताचं नाव त्याला शाळेच्या कितीतरी आधी चिकटतं. आमचं घर अलायन्स मिशनच्या वळणाचं. इथं तान्ह्याचं नुसतं अर्पण करतात. बाप्तिस्मा जाणतेपणी, स्वतःच्या तोंडानं कबुली देऊन, पाण्यात पूर्ण बुडून. म्हणजे नवं नाव येईपर्यंत शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरात जुनं नाव घट्ट बसलेलं असतं. कोणतं नाव सरकारी होणार हे श्रद्धा ठरवत नाही, क्रम ठरवतो. जो कागद आधी झाला, त्याचं राज्य.

आत्याच्या बाबतीत पहिला कागद मास्तरांनी केला. आजोबांनी तिला शाळेत नेलं, मास्तरांनी "नाव काय?" विचारलं, आजोबांनी हाक मारतात ते सांगितलं. जन्मतारीख विचारली तर आजोबांनी त्या साली पडलेल्या पावसाची गोष्ट सुरू केली, म्हणून मास्तरांनी १ जून टाकली. आमच्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो तो असा. पुढं ऐन तारुण्यात पैनगंगेच्या डोहात तिचा बाप्तिस्मा झाला. लग्न चर्चमध्ये, १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लागलं. विवाहाच्या रजिस्टरात पाळकांनी अर्थातच मार्था लिहिलं. लग्नाच्या दाखल्यावरून सासरच्या रेशनकार्डावर मार्था आली, तिथून मतदार यादीत, आणि शेवटी आधारवर.

इकडं माहेरी आजोबा गेले. वारस नोंद करताना तलाठ्यानं पोरींची नावं विचारली, काकानं हाक मारतात ते सांगितलं. पुन्हा तेच! सातबाऱ्यावर शेवंताबाई चढली. आत्यानं आपला हिस्सा विकायचा ठरवला, तेव्हा व्यवहार अडला. जमीन शेवंताची, अंगठा द्यायला आलेली बाई मार्था.

"मले मास्तरनं शेवंता लिवलं अन् पाळकानं मार्था, त्यात मी काय करू? मी तं एकच हाय ना बापा!" आत्या म्हणाली. समोरच्या बाबूला तेही पटत होतं, पण त्याला ते कागदावर हवं होतं.

महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनातली चूक दुरुस्त होते. पण इथं चूक कोणाची? शेवंता लिहिणाराही बरोबर, मार्था लिहिणाराही बरोबर. मग कुणीतरी राजपत्राचा रस्ता दाखवला. महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये नावबदलाच्या जाहिराती येतात. अर्ज आता घरबसल्या भरता येतो. त्यात जुनं नाव आणि नवं नाव अशा दोनच जागा आहेत. दोन्ही नावं एकाच वेळी चालू असणाऱ्या माणसाला त्यात जागा नाही. आत्यानं नाव कधी बदललंच नव्हतं, तरी 'बदललं' असं लिहून द्यावं लागलं. शिवाय राजपत्र छापलं म्हणून मागचे कागद आपोआप सुधारत नाहीत. ते प्रत्येक कागदाला टाचणीनं लावत हिंडावं लागतं.

खरा उपयोगी पडला तो चर्चचा उतारा. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातल्या एका ओळीत त्या काळच्या पाळकांनी शाईनं लिहून ठेवलं होतं: शेवंता, बापाचं नाव, गाव, तारीख आणि शेवटी 'नवे नाव मार्था'. दोन्ही नावं एका ओळीत आणणारा सगळ्या दप्तरातला तेवढाच एक कागद. तो उतारा, शाळेचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि राजपत्र असं चौघांचं बळ लावल्यावर सातबाऱ्यावर 'शेवंताबाई उर्फ मार्था' आलं. पाळकांनी त्या दिवशी घाईत नुसतं मार्था लिहिलं असतं, तर दोघींना जोडणारं काही उरलंच नसतं.

कॅथलिकांच्या १९१७ च्या धर्मसंहितेत हा शहाणपणा नियम म्हणूनच होता. मायबाप ख्रिस्ती नाव ठेवायला तयार नसतील, तर धर्मगुरूनं त्यांच्या नावाला संताचं नाव जोडावं आणि रजिस्टरात दोन्ही लिहावीत. १९८३ ची संहिता त्याहून मोकळी आहे. नाव ख्रिस्ती भावनेला परकं नसावं, एवढंच ती म्हणते. म्हणजे सुमन किंवा शेवंता हेच बाप्तिस्म्याचं नाव व्हायला कोणाची हरकत नाही. आमच्या प्रॉटेस्टंट बाजूला तर उदाहरणं घरचीच. नीलकंठशास्त्री गोरे १८४८ साली नेहेम्या झाले, पण नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तो नारायण वामन म्हणूनच. १८८३ साली इंग्लंडमध्ये 'मेरी रमा' झालेल्या बाईला आपण आजही पंडिता रमाबाई म्हणतो.

दोन नावं ठेवण्यामागं सगळीकडं निव्वळ भक्तीच असते असं मात्र नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा लाभ ख्रिस्ती झालेल्याला मिळत नाही. आपल्याकडं त्याला इतर मागासवर्गात धरतात. म्हणून शाळेत देशी नाव आणि देवळात पवित्र नाव ही वाट काही घरांनी पोटासाठी धरली. त्यांना ढोंगी म्हणणं मला जमत नाही. पण चर्चचं रजिस्टर हाही पुरावाच असतो. २०२३ साली नागपूर खंडपीठापुढं एका मुलीचं प्रकरण आलं. घरात येशूची तसबीर दिसली म्हणून अमरावतीच्या पडताळणी समितीनं तिचा महार जातीचा दावा फेटाळला होता. न्यायालयानं तो निर्णय रद्द केला, कारण घरातल्या कोणाचाही बाप्तिस्मा झाल्याचा पुरावा नव्हता. तसबीर चालून गेली, रजिस्टरातली ओळ चालून गेली नसती.

आताच्या लेकरांना तर आत्याएवढीही ढील नाही. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची. नाव तेव्हा ठरलं नसेल तर वर्षभरात फुकट घालता येतं, त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. पण एकदा घातलेलं नाव हौसेनं बदलता येत नाही, फक्त चूक दुरुस्त होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पुढं जन्मतारखेसाठी तोच दाखला लागतो. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलतं, आणि शाळेतलं नाव आधारशी जुळलं नाही तर अपार क्रमांक अडतो. कोणी म्हणतं, दोन्ही नावं दाखल्यातच लिहा. पण १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचंही नाव येतं. 'रूथ सुमन', मग आई, मग बाप, मग आडनाव असे पाच शब्द होतात, आणि पुढं तीन रकान्यांच्या फॉर्मवर कोण कुठं गेलं याचा मेळ लागत नाही.

म्हणून भाच्याच्या मुलीच्या वेळी मी हट्ट धरला. आई ज्या नावानं हाक मारते ते एकच नाव जन्मदाखल्यात जाऊ द्या, आणि पुढं तिचा बाप्तिस्मा होईल तेव्हा पाळकांनी तो दाखला समोर ठेवून तेच लिहावं. कागद बिनबोभाट एकसारखे राहतील. सगळ्यांना पटलं. आत्याला नाही.

"मंग पाण्यातून ते पोरगी जशी गेली तशीच बाहेर येईन का?" ती म्हणाली. "मले तं तिथं नाव भेटलं होतं."

पाळकसाहेबांनी तिची बाजू घेतली आणि शेऱ्याच्या रकान्यात दुसरं नाव लिहायचं कबूल केलं. आता ते नाव कोणतं असावं यावरून घरात दोन तट पडलेत, आणि मार्था सुचवायची आत्याची हिंमत होत नाहीये.