काकांची चिठ्ठी

प्रकल्पाचा प्रश्न साधा होता. वॉर्डातल्या किती घरांत प्यायला नर्मदेचा नळ आहे आणि किती घरं कॅन विकत घेतात? घरांची यादी कुठेच मिळेना, म्हणून सरांनी २०२२ च्या महापालिका निवडणुकीची मतदार यादी हातात ठेवली. “यावरून निवडा, पण ही घरांची यादी नाही, माणसांची आहे,” एवढंच ते म्हणाले. तेव्हा मला वाटलं, त्यात काय फरक पडतो?

आमच्या वाट्याच्या भागात ११२० नोंदी होत्या आणि मला ५६ नावं हवी होती. म्हणजे दर विसावं नाव. एक ते वीस अशा चिठ्ठ्या टाकल्या, तेरा निघाला. मग १३, ३३, ५३ असं शेवटपर्यंत. तीन नावांवर आडवा ‘विलोपित’ शिक्का होता. मैत्रीण म्हणाली, “अगं, त्याच्या खालचं घे ना!” तसं केलं असतं तर खालच्या माणसाला दोनदा संधी मिळाली असती, म्हणून त्या जागा रिकाम्याच सोडल्या.

खरी अडचण शिक्का नसलेल्यांची. ४५३ क्रमांकाचं नाव घेऊन मी एका जुन्या मराठी वाड्यात गेले. (यादी हिंदीत असल्यामुळे काळ्यांचे ‘काले’ झाले होते.) काकूंनी दार उघडलं. मी नाव वाचलं तर म्हणाल्या, “ते जाऊन पाच वर्षं झाली, बाळ. मतदानाला त्यांच्या नावाची चिठ्ठी मात्र अजून येते.” मी ओशाळले. पाणी पिऊन, माफी मागून निघाले आणि डायरीत लिहिलं, ‘मृत, रद्द’.

सर रागावले नाहीत, पण परत पाठवलं. “तुला काकांना विचारायचं होतं की घराला? घर तर आहे ना तिथे? आणि हे विचार, त्या घराची यादीत नावं किती?”

चार होती. काका, काकू, मुलगा, आणि लग्न होऊन उज्जैनला गेलेली मुलगी. राहतात दोघंच. मी भाबडेपणाने दोन लिहिलं, तर सरांनी ते खोडून चार केलं. मग कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या गाडीवर उभं राहून समजावलं. दर वीस नावांतून एक काढलं, तेव्हा एकच नाव असलेल्या घराला वीसात एक संधी होती. काकूंच्या घराच्या मात्र चार चिठ्ठ्या पिशवीत होत्या, म्हणजे वीसात चार. म्हणून हिशेबात एकट्या माणसाचं घर वीस घरांच्या वतीने बोलतं, काकूंचं फक्त पाच घरांच्या. हा भागाकार केला नाही तर मोठी, जुनी कुटुंबं वॉर्डभर पसरल्यासारखी दिसतात. घर निवडलं गेलं ते काकांच्या नावामुळेच. मग मोजताना त्यांना वगळून कसं चालेल?

दुबार नावांचंही तसंच. एका घरात एकच बाई दोनदा होती, एकदा ‘सुनिता’, एकदा ‘सुनीता’, वयात एका वर्षाचा फरक. नावांच्या अक्षरक्रमाने ती सापडली नसती. घर क्रमांक आणि नवऱ्याचं नाव जुळवलं तेव्हा दिसली. तिच्या घरालाही दोन्ही चिठ्ठ्या धरून भागलं.

पण जे यादीतच नाहीत त्यांची चिठ्ठीच नसते. काकूंच्या वाड्याला मागून लोखंडी जिना आहे, वर दोन खोल्या. एकीत बांधकामावरचं कुटुंब, दुसरीत कोचिंगची तीन मुलं. मतदान सगळ्यांचं गावाकडे. सरांचा नियम असा की, निवडलेल्या घरापासून यादीतल्या पुढच्या घरापर्यंत चालत जायचं, मधे यादीबाहेरची जी घरं लागतील तीही घ्यायची, आणि त्यांना आधीच्या घराचाच भाजक लावायचा. यादीत काही घरांना क्रमांक ‘०’ होता, त्यामुळे ‘पुढचं घर’ ठरवायला आधी गल्लीचा नकाशा हाताने काढावा लागला. तीन संध्याकाळी त्यात गेल्या.

काकूंकडे नळ होता. वर दोन्ही खोल्यांत कॅन. पूर्ण भागात अशी सहा बिऱ्हाडं सापडली आणि सहाही कॅनवर. माझ्या पहिल्या तक्त्यात त्यांच्यापैकी एकही नव्हतं. तो तक्ता जमा केला असता तर वॉर्डात नळ जवळजवळ घरोघरी आहे असं दिसलं असतं!

नव्या बहुमजली इमारतीपुढे मात्र हा नियम थकतो. दोन जुन्या घरांच्या मधे उभे राहिलेले तीस फ्लॅट एका घराच्या शेपटीला बांधता येत नाहीत. तिथे आम्ही दर पाचवं दार ठोठावलं आणि प्रत्येक उत्तराला पाचाने गुणलं.

शेवटी फॉर्मवर सही घ्यायला काकूंकडे गेले. त्यांनी चष्मा लावून कागद पाहिला. “हे चार कसे लिहिलेस? आम्ही तर दोघंच.”

“यादीतली नावं मोजलीत, काकू. काकांचं धरून.”

“बरं,” म्हणाल्या आणि सही केली.