आषाढीत तिला भाकरी कोण घालणार?



मागच्या मार्गशीर्षात आमच्या कळंबच्या घरामागे, शेजाऱ्यांच्या कडब्याच्या गंजीला एक गावठी कुत्री व्याली. चार पिल्लं झाली. त्यातल्या एका तांबड्या पिल्लाच्या कपाळावर काळा ठिपका होता, अगदी बुक्का लावल्यासारखा. आमचे चिरंजीव चौथीत, वय वर्षं 9. त्यांनी ते पिल्लू पाहिलं आणि त्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहिला नाही. "बाबा, आपण घेऊ ना. सगळं मीच करीन. तुम्हाला कायबी करावं लागणार नाही." जेवताना तेच, झोपताना तेच. दोन दिवस अबोलाही धरून झाला.

मी टाळत होतो. पण पोरगं माळकऱ्याच्या घरातलं. एका संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर त्यानं मला विचारलं, "नामदेव महाराज कुत्र्याच्या मागं तुपाची वाटी घेऊन पळाले, ते कीर्तनात खरं सांगतात का उगंच?" मी म्हणालो, "खरंच सांगतात." "मग आपण का नाही घ्यायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्हीही ही कथा किती वेळा ऐकली असेल. कोरडी भाकरी घशात अडकू नये म्हणून महाराज धावले, हे ऐकून आपले डोळे भरून येतात. मी विरघळलो आणि हो म्हणायच्या बेतात होतो.

तेवढ्यात सौ. भाकऱ्या थापता थापता म्हणाल्या, "घ्या की. पण आषाढीत तिला भाकरी कोण घालणार?"

माउली, मी बारा वर्षं ज्ञानोबारायांच्या पालखीसोबत चालतो. आळंदी ते पंढरपूर, जाऊन येऊन तीन आठवडे मी घरी नसतो. त्या काळात दुकान धाकट्या भावाकडे असतं. बाकीचं, म्हणजे म्हातारी आई, पोरगं, पाणी, पाहुणे, हे सगळं सौ.कडे. कोणी तसं ठरवलं नव्हतं, तिला विचारलंही नव्हतं. आता त्यात एक जीव वाढणार होता, आणि त्याचंही ओझं आपोआप कुणावर जाणार हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

रात्री आम्ही दोघं हिशेबाला बसलो. हिशेब पैशांचा नव्हता, वर्षांचा होता. चांगलं सांभाळलेलं कुत्रं 12-14 वर्षं सहज जगतं. पोरगं आज 9 वर्षांचं. आपल्याकडची मुलं दहावी झाली की अकरावी-बारावीला लातूर गाठतात. म्हणजे कुत्री सात वर्षांची होईल तेव्हा तिचा हा मालक वसतिगृहात असेल, आणि ती म्हातारी होईल, डोळ्यांनी अधू होईल, तेव्हा तो कुठल्या गावात असेल कुणी सांगावं. "सगळं मीच करीन" हे वाक्य खोटं नव्हतं. त्याला तसं मनापासून वाटत होतं. पण 9 वर्षांच्या लेकरानं 23 व्या वर्षाचा शब्द द्यायचा आणि आपण तो खरा धरून चालायचं, यात चूक आपली.

पिल्लू लगेच आणायचं नव्हतंच. दोन महिने तरी ते आईजवळ राहावं लागतं. लवकर तोडलं तर अंगात ताकद येत नाही, आणि भावंडांत खेळताना दात किती जोरानं लावायचे हे शिकायचंही राहून जातं. तेव्हा पिल्लं अडीच आठवड्यांची होती. आमच्या हाती सहा आठवडे होते. सौ.नी तोड काढली. म्हणाल्या, "कुत्रं येऊ द्या नंतर. कामं आजपासून येऊ द्या."

जुन्या कालनिर्णयच्या पानामागं आम्ही कामं लिहिली. सकाळी सहाला उठून पाण्याचं भांडं घासून भरायचं. अर्धा तास फिरवून आणायचं, म्हणजे कुत्र्याविनाच मांजरेच्या रस्त्यानं चालून यायचं. अंगणाचा कोपरा झाडायचा. दिवस मावळताना पुन्हा एक फेरी. रात्री उरलेलं अन्न वेगळं काढायचं, त्यात कांदा-लसूण गेलेलं कालवण नको, कारण कुत्र्याला ते बाधतं. नुसत्या भाकरीवर वाढतं पिल्लू पोसत नाही, त्याला दूध-दही, अंडं असं काही लागतं. आम्ही माळकरी, घरात अंडं येत नाही. तेव्हा ते बाहेर वेगळ्या भांड्यात उकडायचं की पिशवीतलं तयार खाद्य आणायचं, हेही आधीच ठरवावं लागलं. आम्ही तयार खाद्य ठरवलं. ते आणायचं काम माझ्या नावावर आलं.

प्रत्येक कामापुढं नाव लिहायचं होतं. मी सवयीनं दोन ठिकाणी सौ.चं नाव लिहिलं. तिनं पेन घेतलं आणि दोन्हीकडं रेघ मारली. "मला विचारलं का?" एवढंच म्हणाली.

पहिले अकरा दिवस पोरानं एकही सकाळ चुकवली नाही. बाराव्या दिवशी थंडी वाढली आणि तो उठला नाही. तेराव्या दिवशीही नाही. तरी भांडं भरलेलं दिसायचं. मला वाटलं, पोरगं करतंय. चार दिवसांनी लक्षात आलं, आमची आई गुडघे धरत उठून ते भरत होती. "लेकरू झोपलंय, राहू द्या," म्हणे.

माउली, नेमकं इथंच घराघरांत फसतं. काम चुकतं, आणि घरातली कुणी बाई ते गुपचूप करून टाकते. कुत्र्याला पाणी मिळतं, म्हणून कुणाचं काही चुकलंय हे दिसत नाही. पुढं वर्षभरानं ती बाई चिडते, तेव्हा सगळ्यांना नवल वाटतं. तुमच्या घरी असं चाललंय का हे ओळखायचं असेल तर मुलाला विचारू नका. आठवडाभर कुणाचं काम कुणी करू नये असं ठरवा आणि काय रिकामं राहतं ते पाहा. भांडं रिकामं राहिलं तर आत्ता कुणाचा जीव जाणार नाही, कारण कुत्रं अजून आलेलं नाही. ही तपासणी कुत्रं येण्याआधीच करता येते. नंतर करून चालत नाही.

आईला आम्ही हात जोडून थांबवलं आणि पानावर खुणा करत गेलो. 42 दिवसांत पोरानं सकाळ 19 वेळा केली, संध्याकाळ मात्र 36 वेळा. मी सकाळ 38 वेळा केली, काकड्याची सवय असल्यानं मला पहाटे उठणं जड नाही. मग वाद कशाला? संध्याकाळ त्याची, सकाळ माझी. पानानंच सांगितलं.

पण त्या पानावर आणखी एक ओळ होती, ती मुलाला देता येतच नव्हती. लसीकरण, जंत, आजारपण, ती कुणाला चावली तर काय, आणि कुत्री असल्यानं पुढं पिल्लं झाली तर काय. गावात सगळे म्हणत होते, "कुत्री नको, कुत्रा घ्या." का, तर कुत्री वर्षातून दोनदा माजावर येते, दोन महिन्यांत विते आणि ती पिल्लं गोण्यात भरून गावाबाहेर सोडावी लागतात. हे सोडणारे लोकही वाईट नसतात, माउली. त्यांनी आधी ठरवलेलं नसतं, एवढंच. ही ओळ माझ्या नावावर लिहिली आणि खाली सही केली. मुलाला स्पष्ट सांगितलं, "कुत्री माझी. तू माझा मदतनीस. तुझ्याकडून चुकलं तर रागवीन, पण तुझ्या चुकीसाठी तिला घराबाहेर काढणार नाही." पुष्कळ घरांत मुलाला धाक घालतात, "केलं नाहीस तर देऊन टाकू." चूक लेकराची आणि शिक्षा मुक्या जीवाला, असला न्याय आपल्या पंथात बसत नाही.

पौष सरताना ती घरी आली. कपाळावरच्या ठिपक्यामुळे नाव पडलं बुक्की. जनावरांच्या दवाखान्यात जंताचं औषध सुरू केलं, पिल्लांच्या रोगांची लस दिली, आणि तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची लस. ती दर वर्षी द्यायची आहे. तारीख दुकानातल्या दिनदर्शिकेवर आहे. पोराला एक गोष्ट मात्र पाठ करून घेतली. कुठल्याही कुत्र्याचा दात लागला, नुसतं खरचटलं तरी, रागावण्याच्या भीतीनं लपवायचं नाही. वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. ज्येष्ठात डॉक्टरांच्या सल्ल्यानं तिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन केलं. दहा-बारा दिवस ती टाके चाटू नये म्हणून रात्री मीच तिच्याजवळ ओसरीवर झोपलो.

आणि मग आषाढ आला. सौ.चा मार्गशीर्षातला प्रश्न तसाच उभा होता. पानावर त्या ओळीपुढं कुणाचंच नाव नव्हतं. मी पुन्हा कुणाचं लिहिणार? चार दिवस मन मानेना. बारा वर्षांची वारी चुकणार, दिंडीतली माणसं काय म्हणतील, हे सगळं आलं मनात. शेवटी मी तिथं माझं नाव लिहिलं आणि सौ.ना म्हणालो, "यंदा दिंडीत तुम्ही जा."

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं जुनी पडशी उन्हात घातली.

तिची ती पहिली पायी वारी. दशमीला तिचा फोन आला, वाखरीहून. आवाज बसलेला, मागं टाळांचा गजर. तिनं आधी आईच्या गोळ्या विचारल्या, मग पोराचं जेवण, मग म्हणाली, "बुक्कीनं भाकरी खाल्ली का?" मी म्हणालो, "खाल्ली. तूप लावून घातली."

त्या वेळी मी ओसरीवर बसलो होतो. पोरगं संध्याकाळची फेरी करून आलं होतं आणि बुक्की त्याच्या पायाशी धापा टाकत होती. पंढरीची वाट माझ्या डोळ्यांपुढं होती, नाही असं नाही. पण भांडं रिकामं झालं होतं. मी उठलो आणि भरलं.

तुमच्या घरी लेकरू कुत्र्यासाठी हट्ट करत असेल, तर माउली, त्याला लगेच हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. एक कागद घ्या, आणि आषाढीच्या ओळीपुढं कुणाचं नाव लिहिता येतं ते आधी पाहा.

रामकृष्णहरि.