अण्णांचं पत्र

अण्णांनी तुला काय दिलं, असं कोणी विचारलं तर मी पाडव्याचं पत्र सांगतो. अण्णा माझे मालक. सातारा जिल्ह्यातल्या एका बाजारपेठेच्या गावात त्यांचं कापडाचं दुकान होतं. साड्या, शर्टिंग-सूटिंग, लग्नाचे बस्ते. आम्ही नऊजण कामाला होतो. १९९४ च्या गुढीपाडव्याला अण्णांनी आम्हा सगळ्यांना उद्देशून दोन पानांचं पत्र काढलं आणि दिवाणजींनी कार्बन घालून केलेली त्याची एकेक प्रत प्रत्येकाच्या हातात ठेवली. त्या दोन पानांच्या जोरावर माझं लग्न ठरलं आणि घर उभं राहिलं.

त्याआधी आमच्या बाजारात सगळीकडे एकच रीत होती. पगाराचा आकडा तोंडी ठरायचा, पण त्याला तारीख नसायची. गल्ला बरा झाला की पगार. मधल्या काळात लागेल तशी उचल घ्यायची. दिवाणजी ती लाल वहीत मांडून ठेवत आणि महिनाअखेरीला उचल वजा, खाडे वजा, उरेल ते हातात. कधीकधी काहीच उरत नसे, उलट आपणच दुकानाचे देणेकरी निघायचो. आई आजारी पडली तेव्हा मी दोन हजारांची उचल घेतली होती. त्यानंतर कितीतरी काळ पगाराच्या दिवशी मी वहीसमोर उभा राहायचो आणि दिवाणजी म्हणायचे, "तुझं अजून फिटायचंय बाबा."

खाड्याचा दर हा तर सगळ्या बाजारात मोठाच गोंधळ. मला तेव्हा पंधराशे रुपये पगार होता. एक दिवस आलो नाही तर किती कापायचे? आठवड्याची सुट्टी सोडून महिन्याचे २६ दिवस धरले तर दिवसाला जवळजवळ ५८ रुपये होतात. ३० धरले तर ५०. बाजारात चाल अशी की कापताना सव्वीसने भागायचं आणि सुट्टीच्या दिवशी काम करून घेतलं की देताना तीसने. एका दिवसामागे आठ रुपये इकडचे तिकडे होत. कामगाराला ते कळत नसे, कारण हिशोब कधी कागदावर त्याच्यासमोर येतच नसे.

अण्णा स्वतः तरुणपणी मुंबईला मुळजी जेठा मार्केटात गुमास्ते म्हणून राहिलेले. ठाणं उचलून खांदे कसे भरून येतात ते त्यांना ठाऊक होतं. तरी दुकान स्वतःचं झाल्यावर कित्येक वर्षं त्यांनीही बाजाराचीच रीत चालवली. मग एकाएकी पत्र का काढलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. माझा अंदाज असा, की बस्त्याचा काउंटर सांभाळणारा आमचा सर्वांत हुशार गडी त्या वर्षी पुण्याला निघून गेला, ते त्यांच्या मनाला लागलं होतं. जाताना तो एवढंच म्हणाला होता, "तिथं सात तारखेला पगार होतो, अण्णा."

पत्राच्या माथ्यावर श्री होतं. खाली ‘दुकानातील सर्व सहकाऱ्यांस सप्रेम नमस्कार’. आणि मग नेहमीच्या व्यापारी मराठीत, जराही फुलोरा न करता लिहिलं होतं:

‘या महिन्यापासून प्रत्येकाचा पगार सोबतच्या तक्त्याप्रमाणे राहील. पगार दर महिन्याच्या सात तारखेस, दुकान उघडण्यापूर्वी मिळेल. सात तारखेस मंगळवार आल्यास सोमवारी मिळेल. एक दिवसाचा पगार म्हणजे महिन्याच्या पगाराचा तिसावा भाग. कापतानाही तोच व देतानाही तोच. उचल घेतल्यास दरमहा पगाराच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक कापली जाणार नाही. बोनसमधून उचल कापली जाणार नाही.’

तक्त्यात तीन पायऱ्या होत्या. शिकाऊ, विक्रेता आणि काउंटर सांभाळणारा. शिकाऊ एक वर्ष पुरं केलं की विक्रेता होणार, हे लिहूनच दिलेलं; त्यासाठी कोणाची मर्जी धरायला नको. काउंटरची पायरी मात्र अण्णांनी स्वतःच्या पसंतीवर ठेवली होती, आणि ते मला आजही बरोबर वाटतं. बस्त्याला आलेली वीस माणसं चार तास बसवून, सगळ्यांचा मान राखून, बजेटात बसवणं हे नुसत्या वर्षांच्या हिशोबाने येत नाही.

चौथ्या हिश्श्याच्या कलमाने माझी उचल उलगडली. अण्णांनी मूळ दोन हजारांतलं दिवाणजींच्या वहीप्रमाणे जे उरलं होतं तेवढंच पुढे ओढलं. पंधराशेचा चौथा हिस्सा ३७५. पगाराच्या दिवशी अकराशे पंचवीस रुपये हमखास हातात येणार, हे मला आदल्या महिन्यातच ठाऊक असायचं. किराणा दुकानदाराला ‘आठ तारखेला देतो’ असं सांगून आठ तारखेला देणं मला त्या वर्षी पहिल्यांदा जमलं.

सुट्टीची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. मुंबईतल्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने. दुकानातल्या माणसांसाठी मुंबई प्रांतात कायदा आला तो १९३९ साली, आणि पुढे १९४८ साली तो नव्याने झाला. त्याला सगळे गुमास्ता कायदाच म्हणतात. त्यात आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवायचं, त्या दिवशी नोकराला कामाला बोलवायचं नाही आणि त्या दिवसाचा पगारही कापायचा नाही, असं स्पष्ट होतं. आमच्या दुकानातही परवान्याच्या चौकटीशेजारी ‘साप्ताहिक सुट्टी : मंगळवार’ अशी पाटी टांगलेली होती. बाजार रविवारचा, म्हणून मंगळवार.

पण मंगळवारी शटर अर्धं खाली असे आणि आम्ही आत. गिऱ्हाईक नाही म्हणून तो दिवस माल लावायचा. ट्रान्सपोर्टचे गठ्ठे फोडायचे, साड्यांना किमतीच्या चिठ्ठ्या लावायच्या, विस्कटलेल्या घड्या परत घालायच्या. गिऱ्हाइकाने पाहून टाकलेली साडी मूळच्या घडीवरच पडायला लागते, नाहीतर जरीला मोड येते. त्याला वेळ लागतोच. बाहेरून दुकान बंद, त्यामुळे कोणाची तक्रार नाही. दुपारी दोन-तीनला सुटलो तरी दिवस गेलेलाच असे. गावाकडे आई-वडिलांना भेटून यायचं तर जाणारी एसटी चुकलेली असायची.

पत्रात याबद्दल लिहिलं होतं: ‘मंगळवारी दुकानास कुलूप राहील, किल्ली माझ्याकडे राहील.’ माल लावायला सोमवार सकाळचे पहिले दोन तास ठरवून दिले, कारण बाजाराच्या दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत दुकानात फारसं कोणी फिरकत नाही. अण्णांच्या धाकट्या भावाने सुचवलं होतं, की दुकान चालू ठेवून माणसांना आळीपाळीने सुट्टी द्यावी. अण्णांनी ते मानलं नाही. आळीपाळीची सुट्टी नऊ माणसांच्या दुकानात टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. एकजण सुट्टीवर, दुसरा आजारी, तेवढ्यात बस्ता येतो आणि सुट्टीवरच्याच्या घरी निरोप जातो. लग्नसराईत तर सुट्ट्या साठत जातात आणि शेवटी कोणी मागतही नाही. कुलूप असलं की निरोप जायचा प्रश्नच उरत नाही. दिवाळीआधीचे दोन मंगळवार आणि वैशाखातले दोन, एवढेच दुकान उघडं ठेवायला पत्रात मोकळीक होती, तीही बदली सुट्टी त्याच महिन्यात द्यायची या अटीवर.

आता बोनस. बोनसचा कायदा तेव्हा १९६५ चा होता. त्यात किमान बोनस ८.३३ टक्के होता, म्हणजे वर्षाच्या कमाईचा बारावा भाग. पण तो वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना. आम्हा नऊजणांना तो लागू नव्हता. बाजारात दिवाळीची पोस्त मिळे. लक्ष्मीपूजनाची वही लिहून झाली की मिठाईचा पुडा, शर्टाचं कापड आणि पाकीट. पाकिटात किती हे मालकाच्या मनावर.

कापड दुकानातल्या नोकराची दिवाळी बाकीच्यांसारखी नसते. आम्ही नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री उशिरापर्यंत दुसऱ्यांच्या मुलांचे फ्रॉक आणि बायकांच्या साड्या बांधून देतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पाकीट हातात पडतं तेव्हा बाजार संपलेला असतो. वहिनींना, म्हणजे अण्णांच्या घरच्यांना, हे कळत होतं, कारण आमच्या घरच्या बाया त्यांच्याकडे बोलत. पत्रात लिहिलं होतं, ‘बोनस वसुबारसेच्या आठ दिवस आधी मिळेल.’ मला वाटतं ही ओळ वहिनींची.

हिशोबही लिहून दिला होता. पाडव्यापासून बोनसच्या दिवसापर्यंत नाही, तर मागच्या बोनसपासून या बोनसपर्यंत प्रत्यक्ष मिळालेल्या पगाराची बेरीज, भागिले बारा. पुढच्या पुऱ्या वर्षात माझे दोन बिनपगारी खाडे झाले. अठरा हजारांतून शंभर गेले, १७,९०० उरले, त्याचा बारावा भाग १,४९२ रुपये. आमच्यातला एक शिकाऊ पोरगा दिवाळीच्या पाच महिने आधी लागला होता, बाराशेवर. पोस्तीच्या रीतीने त्याला ‘नवा आहे’ म्हणून नुसता मिठाईचा पुडा मिळाला असता. त्याचे सहा हजार भागिले बारा, पाचशे रुपये झाले. त्याने आमच्याच दुकानातून आईला इरकल घेतलं आणि बिल करायला दिवाणजींकडे गेला तेव्हा पैसे मोजताना त्याचे हात थरथरत होते.

त्याच वर्षी माझं लग्न ठरलं. मुलीच्या मामांनी विचारलं, पगार किती. आधी हेच कोणी विचारलं की आमची माणसं ‘मालक चांगला आहे’ असं उत्तर देत. वडिलांनी खिशातून पत्राची प्रत काढून पुढे ठेवली. पुढे पतसंस्थेने घरासाठी कर्ज दिलं तेही त्याच पत्राच्या आणि सात तारखेच्या नोंदींच्या आधारावर.

त्या पत्रात सगळंच होतं असं मी म्हणणार नाही. भविष्य निर्वाह निधी नव्हता. नऊ माणसांच्या दुकानाला तो सक्तीचाही नव्हता, त्यामुळे म्हातारपणाची सोय ज्याने त्याने पाहिली आणि काहींना ती जमली नाही. आणि रात्री उशिरापर्यंत थांबण्याचं काहीच लिहिलेलं नव्हतं. सीझनला अकरा-अकरा वाजत. अण्णा जेवण मागवत, रिक्षाने घरी सोडत, पण त्या तासांना दर नव्हता.

अण्णा गेले, दुकान त्यांच्या मुलांनी मोबाईलवाल्यांना भाड्याने दिलं. माझं स्वतःचं ड्रेस मटेरियलचं छोटं दुकान आहे, चारजण कामाला आहेत. २०१७ चा नवा दुकान कायदा दहा आणि त्याहून जास्त कामगारांच्या आस्थापनांसाठी आला. त्यात तेव्हा दिवसाला नऊ तासांच्या पुढे थांबवलं तर दुप्पट दर ठेवला होता. माझ्या चारजणांना तो लागू होत नाही. दुकान सुरू केलं तेव्हा मी त्यांना अण्णांचंच पत्र नवे आकडे घालून दिलं: सात तारीख, तिसावा भाग, चौथा हिस्सा, कुलूप, वसुबारसेआधी आठ दिवस. शेवटी एक कलम माझं आहे. पगार पंधरा हजार असेल तर दिवसाचे पाचशे, आठ तासांनी भागून तासाला साडेबासष्ट, आणि नऊ तासांच्या पुढे थांबलं तर त्याच्या दुप्पट, तासाला सव्वाशे. महिन्याच्या पगारासोबत, सात तारखेला.