आजीच्या वाढदिवसाचं पत्र

आजी मिरजेला, मी ठाण्यात. तिला घेऊन दिलेला स्मार्टफोन ती कायम चार्जिंगला लावून ठेवते आणि वाजला की शेजारच्या काकूंना हाक मारते. त्यावर पाठवलेले केक आणि फुगे काकूच बघतात. म्हणून मी पत्र लिहिते.

अंतर्देशीय पत्र मात्र घेत नाही. त्याचा कागद निळसर, त्यावर निळं बॉलपेन, आणि वाचणारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू! अक्षर कागदात बुडून जातं. जाड पांढरा कागद आणि काळं जेल पेन बरं. मी एकाच बाजूला लिहिते, कारण पाठीमागची शाई थोडी जरी उमटली तरी ओळी एकमेकींत मिसळतात. अक्षर मोठं काढण्यापेक्षा दोन ओळींत भरपूर जागा सोडणं महत्त्वाचं. आपल्या लिपीत मात्रा वर आणि उकार खाली, ते एकमेकांना भिडले की वाचणारा अडखळतो. लिहून झालं की संध्याकाळच्या दिव्यात कागद हातभर लांब धरून बघायचा. अनुस्वार दिसले तर पत्र पास.

अशा कागदावर दहा-बारा ओळीच मावतात, आणि ते चांगलंच आहे. ‘उदंड आयुष्य लाभो’ एका ओळीत संपतं. उरलेल्या ओळींत एकच गोष्ट सांगायची आणि एकच प्रश्न विचारायचा. प्रश्न असा हवा, की ज्याचं उत्तर फक्त तिच्याकडे आहे. तिचा जन्म ऋषिपंचमीचा. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून घरात ऋषीची भाजी: अळू, भोपळा, पडवळ, मक्याचं कणीस. तेव्हा मी विचारते, ‘आंबटपणाला यंदा काय घालणार? चिंच की अंबाडी?’ ‘तब्येत कशी आहे’ विचारलं तर ‘बरी आहे’ एवढंच हाती लागतं.

राहिली तारीख. तिथीचा वाढदिवस दर वर्षी सरकतो. २०२५ मध्ये तो २८ ऑगस्टला होता. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक, त्यामुळे थेट १५ सप्टेंबरला, मंगळवारी. आदल्या दिवशी गणेश चतुर्थी, त्याच्या आदल्या दिवशी रविवार, म्हणजे सलग दोन दिवस पोस्टमन येणार नाही. पत्र शनिवारपर्यंत तिच्या हातात पडायला हवं, म्हणून ते आधीच्या सोमवारीच पेटीत टाकायचं. लवकर पोचलं तर बिघडत नाही. ती ते गौरी-गणपतीच्या सामानाबरोबर ठेवते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवते. उशिरा पोचलेलं पत्र मात्र कुणाला दाखवत नाही.

पंचमीला दुपारी मी तिच्या घरच्या लँडलाइनवर फोन करते. घंटा बराच वेळ वाजू द्यावी लागते, ती स्वयंपाकघरातून येईपर्यंत. फोन उचलला की ‘हॅलो’ नाही, नमस्कार नाही. थेट म्हणते, ‘चिंच कुठली गं, अंबाडीच! आणि बाजरी तुझ्या आईनं परवाच आणून ठेवलीय, तिला सांग ऋषीला चालत नाही ती.’