नोंदवहीतील एक ओळ

निजामाच्या राज्यातील हाली शिक्क्याचा रुपया आमच्या परभणी जिल्ह्यात अजूनही अधूनमधून हाती लागतो. १९४८ पर्यंत हा जिल्हा त्याच राज्यात असल्यामुळे जुन्या घराच्या फडताळात असे एखादे नाणे निघाले, तर कोणास नवल वाटत नाही. नाण्यावर चारमिनार आणि हिजरी साल असते. सराफ त्याचे वजन करून चांदीचा भाव सांगतो, व त्याच्या दृष्टीने विषय तेथेच संपतो. परंतु तोच रुपया कोणाच्या घरून, कशाबरोबर आणि कोणत्या गाठोड्यातून आला हे लिहिलेले असेल, तर तो इतिहासाचा साक्षीदार होतो. साक्षीदाराचे नाव-गाव न टिपता त्याची जबानी घेण्यात काय अर्थ?

आमच्या महाविद्यालयाच्या इतिहास-विभागात एक लहानसा वस्तुसंग्रह आहे. २०२३ साली गंगाखेडकडील एका कुटुंबाने त्यास एक पितळी कलमदान दिले. त्यात जाड्याभरड्या फडक्याची पुरचुंडी होती, आणि पुरचुंडीत फसली १३४० ची, म्हणजे सुमारे १९३०-३१ ची, शेतसाऱ्याची मोडी पावती व एक हाली रुपया. पाहणारा प्रथम रुपया उचलतो, मग कलमदान; फडके मात्र केराच्या टोपलीकडे जाऊ लागते. वस्तुतः पावती आणि रुपया एकत्र ठेवले होते, याचा पुरावा ते फडकेच होय!

म्हणून वस्तू आली त्याच दिवशी, पुसणे-घासणे करण्यापूर्वी, ती जशी होती तशी तिची छायाचित्रे घ्यावीत. त्यानंतर दानपत्र करावे. दात्याने कोणत्या वस्तू बिनशर्त व कायमच्या दिल्या हे त्यात लिहून दोन प्रतींवर उभयतांच्या सह्या व्हाव्यात. एक प्रत दात्यास, एक आपणांस. ‘ठेवायला दिले होते’ आणि ‘देऊन टाकले’ यांतील फरक पुढच्या पिढीत स्मरणावर नव्हे, या कागदावरच ठरतो. वस्तू जमिनीत सापडलेली असेल, तर दानपत्रानेही भागत नाही. १८७८ च्या निखात-निधीच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते, व त्याचा निर्णय होईपर्यंत संग्रहाने तिला आपला क्रमांक देऊ नये.

आमचे गाठोडे घरातील असल्याने ही अडचण नव्हती. त्या वर्षातील ते चौथे दान. म्हणून त्यास २०२३.४ हा अंक मिळाला. कलमदान २०२३.४.१, पावती .२, रुपया .३ आणि फडके .४. कलमदानाचे झाकण सुटे होते, म्हणून बुडास १अ व झाकणास १ब म्हटले. नाहीतर सुटी झाकणे काही वर्षांनी परक्या भांड्यांवर जाऊन बसतात. अंकात ‘पितळ’ किंवा ‘नाणे’ असे काही गुंफू नये. वस्तूची ओळख उद्या बदलू शकते. अंक बदलता कामा नये. वस्तू हरवली तरी तिचा अंक दुसरीस देत नाहीत.

अंक लिहिण्याची रीत वस्तूगणिक निराळी. पितळेवर, बुडाच्या न दिसणाऱ्या बाजूस, अॅसिटोनमध्ये विरघळविलेल्या पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा नखाएवढा पट्टा ओढावा, वाळल्यावर त्यावर टिकाऊ काळ्या शाईने अंक लिहावा व वर पुन्हा एक हात द्यावा. पुढे काढावयाचा झाल्यास अॅसिटोनच्या बोळ्याने तो निघतो. नखांचे रोगण वापरण्याचा मोह होतो, पण ते पिवळे पडते व सोलून निघताना अंकही घेऊन जाते. पावतीच्या पाठीवर, कोपऱ्यात, मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. फडक्यास अंक लिहिलेली सुती पट्टी दोन-चार टाक्यांनी शिवावी. नाण्यावर मात्र काहीच लिहू नये. अंक त्याच्या पाकिटावर लिहावा, आणि वजन व दोन्ही बाजूंची छायाचित्रे नोंदीत असावीत, कारण पाकीट बदलले तर तेवढाच आधार उरतो.

शेवटी नोंदवही. ती शिवलेली, पृष्ठांक घातलेली असावी, म्हणजे पान फाडल्यास कळते. अंक, तारीख, दाता, कशा रीतीने आली, वर्णन, मापे, स्थिती आणि ठेवण्याची जागा ही सर्व एका ओळीत यावीत. चुकलेला शब्द खोडरबराने न घालविता एका रेघेने छेदून शेजारी सही करावी. खालचे वाचता आले पाहिजे. संगणकावर प्रत जरूर ठेवावी, परंतु तेथील दुरुस्ती मागे खूण ठेवीलच असे नाही.

ही व्यवस्था खरी की देखाव्याची, हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. फडताळातील कोणतीही एक वस्तू उचलून तिची ओळ शोधावी. मग वहीतील कोणतीही एक ओळ घेऊन तिची वस्तू शोधावी. पहिलीत अडले तर ओळखीवाचून वस्तू शिरली आहे. दुसरीत अडले तर वस्तू गेली आहे. दुसऱ्याकडून आलेला एक जुना संग्रह आम्ही असा तपासला, तेव्हा पेटीभर नाण्यांस एकही ओळ नव्हती. ती आता चांदीच्या भावानेच मोजावी लागतात. त्यांतील रुपयांत आणि २०२३.४.३ मध्ये धातूचा काडीइतकाही फरक नाही. फरक आहे तो एका ओळीचा, आणि ती ओळ मागाहून लिहिता येत नाही.