वरील सर्व, यापैकी नाही आणि मी

मागच्या सेमिस्टरला कॅम्पसमध्ये एका कंपनीची टेक्निकल टेस्ट होती. प्रश्न पन्नास, बरोबर उत्तराला एक गुण आणि चुकलं की एक तृतीयांश गुण वजा. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर यादी लागली. माझं नाव यादीच्या खाली, म्हणजे जिथे यादी संपते त्याच्याही खाली. कट-ऑफला फक्त दोन गुण कमी पडले होते!

रात्री मेसमधून आल्यावर रूमवर पोस्टमॉर्टेम सुरू झालं. आठवतील ते प्रश्न कागदावर लिहिले, पुस्तकं काढली आणि एकेक उत्तर तपासलं. न येणारे प्रश्न चुकले त्याचं दुःख नव्हतं. पण दोन प्रश्न असे निघाले की ज्यांचा विषय मला येत होता आणि तरी ते गेले. दोन्हींत चौथा पर्याय संख्या किंवा विधान नव्हता. एकात होतं ‘वरील सर्व’ आणि दुसऱ्यात ‘यापैकी नाही’.

पहिला प्रश्न असा : काँक्रीटची वर्केबिलिटी कशाने वाढते? (अ) पाण्याचं प्रमाण वाढवल्याने, (ब) गोलाकार खडी वापरल्याने, (क) सुपरप्लॅस्टिसायझर घातल्याने, (ड) वरील सर्व. मी ‘अ’ वाचला. पाणी वाढवलं की काँक्रीट सैल होतं, हे साइटवरच्या मिस्त्रीलाही माहीत असतं. टिक केली आणि पुढे गेलो. खालचे पर्याय वाचलेच नाहीत.

माझा रूम पार्टनर (याला काँक्रीट टेक्नॉलॉजीत केटी होती, हे मुद्दाम सांगतो) म्हणाला, “अरे, मला तर ‘क’ म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. पण ‘अ’ बरोबर, ‘ब’पण बरोबर. दोन बरोबर असतील तर एकट्या ‘अ’ला उत्तर कसं म्हणणार? मग ‘ड’च!”

मी गप्प. सुपरप्लॅस्टिसायझरवर सेमिनार दिलेला मी, आणि गुण मिळाला त्याला.

मग त्या कागदाच्या पाठीमागे आम्ही हिशेब मांडला. उत्तर एकच असायचं असेल तर अशा प्रश्नात दोनच शक्यता असतात. तीन विधानांपैकी एकच खरं, नाहीतर तिन्ही खरी. दोन खरी आणि एक खोटं, ही शक्यताच नसते. त्यामुळे समजा फक्त ‘अ’ खरं आहे एवढंच माहीत आहे. मग एकटा ‘ब’ किंवा एकटा ‘क’ उत्तर होऊ शकत नाही, उरतात ‘अ’ आणि ‘ड’. उलट समजा ‘ब’ खोटं आहे याची खात्री आहे. मग ‘ब’ गेलाच, पण जाताना ‘ड’लाही घेऊन गेला, कारण एक खोटं असताना ‘सर्व’ कसे खरे असतील? उरतात ‘अ’ आणि ‘क’. म्हणजे कुठल्याही एका विधानाबद्दल खात्री असली की चारातले दोन पर्याय उडतात. साध्या प्रश्नात एक चुकीचा पर्याय ओळखला तर एकच उडतो.

दोन उरल्यावर ठोकताळा लावणं फायद्याचं का? असे दोन प्रश्न घ्या. सरासरीने एक बरोबर येईल, एक चुकेल. एक गुण मिळाला, एक तृतीयांश गेला, तरी दोन तृतीयांश हातात राहतात. सोडून दिले असते तर शून्य. चारही पर्याय उभे असताना मात्र आंधळ्या ठोकताळ्याची सरासरी बरोबर शून्यच येते.

पण यात एक मेख आहे. पर्यायांत ‘अ आणि ब दोन्ही’ असं काही असेल तर दोन खरी आणि एक खोटं ही शक्यता परत येते आणि वरचा हिशेब कोसळतो. आणि विधान नुसतं खरं असून चालत नाही, ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही असावं लागतं. ‘सिमेंटमध्ये जिप्सम असतं’ हे खरंच आहे, पण वर्केबिलिटीच्या प्रश्नात त्याचा काय उपयोग?

दुसरा प्रश्न जास्त लागला. चार मीटरचा सिंपली सपोर्टेड बीम, त्यावर दर मीटरला ६ किलोन्यूटनचा एकसारखा भार. जास्तीत जास्त बेंडिंग मोमेंट किती? (अ) २४, (ब) १२, (क) ४८, (ड) यापैकी नाही. मी घाईत wL²/12 लावलं. ते फिक्स्ड बीमच्या टोकाचं सूत्र. उत्तर आलं ८. पर्यायांत ८ नाही, म्हणून ‘ड’. आणि वर समाधान, की बघा, पेपर काढणाऱ्याचा सापळा मी ओळखला!

खरं सूत्र wL²/8, उत्तर १२. आता बघा, ‘ड’च्या जागी कुठलीही संख्या असती, समजा ६, तर माझं ८ पर्यायांत न दिसल्याबरोबर मी चपापलो असतो आणि परत आकृती काढली असती. आपलं उत्तर पर्यायांत नसणं ही आपल्या चुकीची घंटा असते. ‘यापैकी नाही’ ती घंटाच काढून घेतं. आपली चूक त्याच्या आत आरामात मावते.

दुसरा तोटा असा की अंदाजाने काट मारणं अपुरं पडतं. इथे एकूण भार २४ किलोन्यूटन. तो सगळा मधोमध ठेवला असता तर मोमेंट २४ आली असती. पसरलेल्या भाराची त्याहून कमीच येणार, म्हणजे २४ आणि ४८ दोन्ही बाद. चारही पर्याय संख्या असत्या आणि एकच २४च्या आत असती, तर सूत्र न आठवताही काम झालं असतं, कारण बरोबर उत्तर कागदावर कुठेतरी आहे याची हमी असते. ‘यापैकी नाही’ आलं की ती हमी जाते. उरलेला १२ हा ‘बाकीच्यांपेक्षा बरा’ असून भागत नाही, तो स्वतःच्या पायावर बरोबर निघावा लागतो.

म्हणून आता माझा नियम असा : ‘यापैकी नाही’वर टिक करण्याआधी उत्तर दुसऱ्या वाटेने एकदा काढायचं. इथे टेकूची रिॲक्शन १२. मध्यापर्यंतचं अंतर २ मीटर, म्हणून २४. त्यातून अर्ध्या बीमवरचा १२चा भार गुणिले त्याचं १ मीटर अंतर वजा करायचं. राहिले १२. अर्धं मिनिट लागतं.

एका सरांना हे सगळं दाखवलं. ते हसून म्हणाले, “म्हणूनच आम्हाला पेपर काढताना ‘वरील सर्व’ टाळा असं सांगतात. अर्धवट माहितीवर पूर्ण गुण जातो. आणि ‘यापैकी नाही’ने कळतं की पोराला काय चूक आहे ते माहीत आहे. बरोबर काय ते माहीत आहे का, हे कळत नाही.” मग थोडं थांबून म्हणाले, “पण चौथा पर्याय सुचत नाही ना रे, रात्री अकरा वाजता!”

गेट देणाऱ्यांसाठी एक सूचना. २०२१पासून तिथे एकापेक्षा जास्त उत्तरं बरोबर असू शकतील असेही प्रश्न असतात. त्यात चुकीला गुण वजा होत नाहीत, पण अर्धवट उत्तराला गुणही नाहीत. दोन विधानं खरी निघाली म्हणून तिसरं खरं धरायचं, हा रूम पार्टनरचा मंत्र तिथे चालत नाही. प्रत्येक विधान वेगळं तपासावं लागतं.

ते दोन प्रश्न बरोबर आले असते तर दोन गुण मिळाले असते आणि वजा झालेले दोन तृतीयांशही वाचले असते. म्हणजे माझं नाव यादीत असतं. रूम पार्टनरचं होतं. इंटरव्ह्यूला जाताना टाय माझाच घालून गेला.