दादरचा कोयता आणि आपली रानमोडी

गेल्या महिन्यात दादरला भावाकडे गेलो होतो. येताना शहाळेवाल्याकडं असतो तसला कोयता घेऊन आलो. पाठ ६ मिलिमीटर जाड, धार जवळपास सरळ, वजन सगळं टोकाकडं. काजूच्या बागेतल्या घाणेरीच्या जुन्या खोडांवर एक नंबर चालला. टोकाचं वजनच खोड तोडतं, आपण फक्त दिशा द्यायची.

मग तोच रानमोडीच्या कोवळ्या फुटव्यावर चालवला आन् फसलो. कोवळी काडी घावाखाली वाकते, तिला वजन नको, वेग पाहिजे. जड पातं वेगानं फिरवलं तर वेळेत थांबत नाही. काडीवरून सटकून थेट नडगीपाशी आलं. गमबूट होता म्हणून पाय वाचला.

आता फुटव्याला घरचाच जुना कोयता. पाठ ३ मिलिमीटर, पातं आत वळलेलं. त्या बाकात काडी अडकते आणि ओढताना कापली जाते. जाड खोडावर मात्र हा नको. पातं लाकडात रुतून बसतं, पिळून काढायला गेलं की धार मुडपते.

विकत घेताना पातं बोटावर तोलून बघा मंडळी. मुठीपासून जितकं लांब तोललं जाईल, तितका तो खोडाचा.